तळघरातलं बाथरूम आणि सीवेज पंप

तळघरात बाथरूम काढलं की पहिली अडचण एकच, बाहेरच्या चेंबरमधला ड्रेनेजचा पाइप बाथरूमच्या फरशीपेक्षा वर असतो आणि पाणी काय आपणहून चढत नाही. मग फरशीखाली खड्डा घेऊन मैलापाणी त्यात जमवायचं आणि पंपानं वर ढकलायचं. विहिरीचा साधा सबमर्सिबल इथं चालत नाही, मैल्यानं चोक होतो. मोठा गाळ गिळणारा किंवा कटर असलेला सीवेज पंपच लागतो.

कोल्हापुरातलं एक घर धरू. तळघराची फरशी रस्त्यापासून ९ फूट खाली, चेंबरमधला पाइप ३ फूट खाली, म्हणजे पाइप फरशीच्या ६ फूट वर. खड्डा ३ बाय ३ फूट, ४ फूट खोल. पाणी फरशीखाली २ फुटांपर्यंत चढलं की फ्लोट वर तरंगतो आणि पंप चालू होतो, ३ फुटांपर्यंत उतरलं की बंद. मधल्या एका फुटात साधारण २५० लिटर बसतं, मिनिटाला २०० लिटर टाकणारा पंप ते सव्वा मिनिटात उपसतो.

पंपाचा पाइप थेट चेंबरला जोडायचा नाही, आधी रस्त्याच्या लेव्हलच्या फूटभर वर न्यायचा आणि मग वळवून खाली सोडायचा. मेन लाइन तुंबली तर पाणी आधी रस्त्यावरच्या झाकणातनं बाहेर येतं, तुमच्या तळघरात नाही. म्हणजे उचल १३ फुटांची झाली, पाइपातलं घर्षण धरून पंप १६-१८ फुटांवर किती पाणी देतो ते बघून घ्यायचा, डब्यावर छापलेला जास्तीत जास्त फुटांचा आकडा बघून नाही (तेवढ्या उंचीवर पाणी शून्य येतं!). २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पंचगंगेचं पाणीच रस्त्यावर चढलं तर मात्र हा वळसाही पाण्याखाली जातो.

पंपाच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्यात चिंधी अडकली की ३ इंची उभ्या पाइपातलं १७-१८ लिटर पाणी खड्ड्यात परत येतं, आणि पाइप वळशाच्या पलीकडं चेंबरच्या पाण्यात बुडालेला असला तर सायफन होऊन चेंबरमधलंही ओढलं जाऊ शकतं. खूण सोपी आहे, कुणी बाथरूम वापरत नसताना पंप मधेमधे आपोआप चालू होतो. उलट फ्लोट खालीच अडकला तर पंप लागत नाही आणि फरशीच्या जाळीतनं गुडगुड ऐकू येते, कारण तिथलं तोंड सगळ्यात खाली.

वरच्या मजल्यांची लाइन या खड्ड्यात कधीच सोडू नका. ती उताराने थेट बाहेर जाऊ दे, नाहीतर लाइट गेल्यावर वरच्यांनी केलेली आंघोळ खालच्यांच्या फरशीवर येते. लाइट नसताना तळघरातला फ्लश वापरायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत पाहिजे.

खड्ड्याचं झाकण हवाबंद पाहिजे आणि व्हेंट पाइप गच्चीच्या वर. व्हेंट नसला तर पाणी उपसताना खड्ड्यातली हवा कमी पडते, ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी ओढलं जातं आणि वास घरात. पंप काढायचा तर आधी वीज बंद करून साखळीनं वर ओढायचा, आत माणूस उतरवायचा नाही, साठलेला विषारी वायू काही सेकंदांत माणसाला बेशुद्ध करतो.