इमारतीतील स्थाननिश्चिती

मॉल, मोठे रुग्णालय किंवा भुयारी स्थानक अशा ठिकाणी, उपग्रहांचा संकेत मिळत नसताना, मोबाइल वापरणारा कुठे व कोणत्या मजल्यावर आहे हे ठरवण्याची रीत. यासाठी एकच असे खात्रीचे साधन नाही. ॲप दोन-तीन कच्च्या अंदाजांची सांगड घालते आणि निळा ठिपका दाखवते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो की काँक्रीटच्या एका स्लॅबनेही तो बुडतो. संकेत पूर्ण बंद झाला तर फोनला निदान ते कळते. खरी पंचाईत तो काचेवरून किंवा समोरच्या इमारतीवरून आपटून येतो तेव्हा होते. लांबच्या वाटेने आलेला संकेत फोन सरळ आलेला समजतो आणि आत उभ्या माणसाला रस्त्यापलीकडे नेऊन ठेवतो. ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ एकदम मोठे झाले, किंवा माणूस जागेवर असताना ठिपका उड्या मारू लागला, की उपग्रह सुटले असे समजावे.

मग आधार उरतो तो वायफायचा. इमारतीत आधी कोणीतरी फिरून दर काही पावलांवर कोणते राउटर किती जोराने ऐकू येतात याची नोंद करून ठेवतो. नंतर फोन स्वतःला ऐकू येणारी यादी या नोंदींशी ताडून पाहतो आणि सर्वांत जुळणारी जागा निवडतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्या कार्यालयाच्या मजल्यावर साधारण दोन-तीन मीटरची चूक येत होती. गर्दीच्या स्थानकात तेवढ्यावर भागत नाही, कारण माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषते. रिकाम्या सकाळी घेतलेली नोंद संध्याकाळी जुळत नाही. राउटर हलवला किंवा दुकानांची मांडणी बदलली की त्या भागाची मोजणी पुन्हा करावी लागते, आणि नेमके हेच काम मागे पडते.

शिवाय अँड्रॉइड ९ पासून उघड्या ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा वायफायची यादी घेता येते. अर्ध्या मिनिटात माणूस तीसेक मीटर पुढे गेलेला असतो. आयफोन तर ही यादी साध्या ॲपच्या हाती देतच नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी भिंतीवर ब्लूटूथचे छोटे बीकन, म्हणजे सतत आपली ओळख पाठवत राहणारी यंत्रे, लावतात. असे दोन संकेत मिळण्याच्या मधली पोकळी पावले मोजून भरली जाते. पण ॲपने पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले आणि चालणाऱ्याचे ६० चे असले, तर शंभर पावलांत ठिपका दहा मीटर पुढे जातो. दिशेचेही तसेच. लोखंडाच्या सान्निध्यात होकायंत्र भरकटते, म्हणून ॲप नकाशातल्या भिंती विचारात घेते आणि भिंतीतून जाणारे मार्ग बाद करते.

मजल्याची चूक सर्वांत महागात पडते. पुण्यातले सिव्हिल कोर्ट मेट्रो स्थानक पाहा. एक मार्गिका सुमारे ३३ मीटर खोल, दुसरी जमिनीच्या वर. सपाट नकाशावर दोन्ही फलाट जवळजवळ एकाच जागी दिसतात. इथे उपयोगी पडतो फोनमधला वायुदाबमापक, अर्थात ज्या फोनमध्ये तो असेल त्यात. एक मीटर खाली गेले की दाब सुमारे ०.१२ हेक्टोपास्कलने वाढतो, म्हणजे रस्त्यावरून खालच्या फलाटापर्यंत चारेक हेक्टोपास्कल. हा फरक स्पष्ट दिसतो. मात्र आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि हा रोजचा फरकही काही हेक्टोपास्कलचा असतो. सकाळी साठवलेला आकडा दुपारी वापरला तर ॲप मजले चुकवणारच. म्हणून चांगले ॲप मूळ आकड्यावर विसंबत नाही. सरकत्या जिन्यावर किंवा लिफ्टमध्ये एक-दोन मिनिटांत झालेला बदल तेवढा मोजते. बोगद्यातून गाडी येताना हवा पुढे ढकलली जाते आणि दाब क्षणभर हलतो. तो बदल काही सेकंदांत ओसरतो, यावरून तो वगळता येतो.

या साऱ्या खटाटोपाला एक अगदी साधा पर्याय आहे: जागेवर चिकटवलेला क्यूआर कोड. मुंबईच्या लोकल प्रवाशांना तो रेल्वे तिकिटांच्या यूटीएस ॲपमुळे परिचित झाला. टीसी दिसल्यावर तिकीट काढता येऊ नये म्हणून स्थानकाच्या आवारात हे ॲप एरवी कागदविरहित तिकीट देत नसे. तिथला कोड स्कॅन केला तरच मिळे. कोड जागा अचूक सांगतो, पण स्कॅन केल्या क्षणापुरतीच. आणि तो खरोखर तिथेच स्कॅन केला याची हमी त्यात नसते: कोडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून धावत्या गाडीतून तिकीट काढण्याचे प्रकार मुंबईत झालेच.