क्रमिक बेरीजयंत्र (मीली यंत्र)

दोन द्विमान संख्यांचे बिट एककाच्या बाजूने, दर क्लॉकला एकेक जोडी असे घेऊन बेरीज करणारे परिपथ म्हणजे क्रमिक बेरीजयंत्र. कागदावर आपण बेरीज उजवीकडून करतो ती हातच्यामुळे, आणि इथेही कारण तेच आहे. डावीकडून सुरुवात केली तर बेरजेचा पहिला बिट कधीकधी अगदी शेवटच्या जोडीवर अवलंबून असतो. संख्या कितीही लांब असू शकत असेल, तर मोजक्या अवस्थांच्या यंत्राला तेवढी वाट पाहणे शक्य नसते. एककापासून निघाले की मागच्या साऱ्या बिटांपैकी एवढेच लक्षात ठेवावे लागते: हातचा आहे की नाही.

म्हणून अवस्था दोनच, ‘हातचा ०’ आणि ‘हातचा १’, आणि त्या साठवायला एक डी फ्लिप-फ्लॉप पुरतो. त्यातला हातचा c आणि आलेले बिट a, b धरले, तर बाहेर पडणारा बिट s आणि पुढचा हातचा c⁺ असे ठरतात:

```
s  = a ⊕ b ⊕ c
c⁺ = ab + bc + ca
```

ही समीकरणे पूर्ण बेरीजकाचीच आहेत. फरक इतकाच की त्याचा हातचा फ्लिप-फ्लॉपमधून फिरून पुढच्या क्लॉकला परत येतो. s अवस्थेवर आणि चालू इनपुटवरही अवलंबून असल्याने हे मीली यंत्र ठरते. जॉर्ज मीली यांनी ही मांडणी १९५५ मध्ये केली. मूर पद्धतीत बेरजेचा बिटही अवस्थेतच ठेवावा लागतो, त्यामुळे अवस्था चार होतात आणि उत्तर एक क्लॉक उशिरा येते.

११ (1011) आणि ७ (0111) यांची बेरीज पाहू. सुरुवातीला हातचा ० आहे.

पहिली जोडी १, १: लिहा ०, हातचा १. दुसरीही १, १ आणि वर हातचा, म्हणजे तीन: लिहा १, हातचा १. तिसरी ०, १ आणि चौथी १, ०: दोन्ही वेळा लिहा ०, हातचा १. संख्या संपल्या, पण हातचा शिल्लक आहे. पाचव्या क्लॉकला ०, ० द्यावे लागते, तेव्हा तो १ बाहेर पडतो. उत्तर 10010, म्हणजे १८.

नवशिक्यांची चूक नेमकी या पाचव्या क्लॉकपाशी होते. चारच क्लॉक दिले तर उत्तर २ दिसते, आणि फ्लिप-फ्लॉप रिसेट केला नाही तर तो १ पुढच्या बेरजेत शिरून २ + ३ चे ६ करतो. उत्तर बरोबर एकाने जास्त, आणि तेही फक्त हातचा उरलेल्या बेरजेनंतरच येत असेल, तर गेट तपासण्याआधी रिसेटची तार पाहावी. (वजाबाकीत मात्र हाच १ मुद्दाम भरून ठेवतात आणि b उलटा करून देतात.)

मीलीचा दुसरा त्रास म्हणजे दोन क्लॉकच्या मध्ये a किंवा b हलला की s ही लगेच हलतो. म्हणून s पुढच्या क्लॉककडेलाच शिफ्ट रजिस्टरमध्ये घ्यावा.

केंब्रिजमध्ये १९४९ साली सुरू झालेला एडसॅक संगणक याच क्रमिक पद्धतीने बेरीज करी. त्याच्या पाऱ्याच्या विलंबनळ्यांतून बिट एकामागोमागच बाहेर येत, तेव्हा प्रत्येक स्थानासाठी वेगळा बेरीजक ठेवून हाती फारसे काही लागले नसते.