ऍप म्हणतं ऑफलाइन, दिवा मात्र लुकलुकतोय: याचा अर्थ काय आणि आधी काय करायचं

आमच्याकडून स्मार्ट स्विच, गिझरचा स्विच किंवा पंपाचा स्विच बसवून घेतलेल्या नाशिकच्या सर्व ग्राहकांसाठी

पावसाळ्यात वीज येऊन-जाऊन करायला लागली की आम्हाला सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात. ऍपमध्ये स्विच ऑफलाइन दिसतो, पण बोर्डावरच्या मॉड्यूलचा बारीक दिवा लुकलुकतोय. म्हणजे तो चालू आहे की बंद? बरेच जण फोन करण्याआधीच मॉड्यूलचं बटण दाबून धरतात. आमची कळकळीची विनंती आहे की तेवढं करू नका. बटण पाच सेकंद दाबून धरलं की मॉड्यूल जुनं वायफाय बाजूला ठेवतं आणि नव्या जोडणीची वाट बघत बसतं. जी अडचण दोन मिनिटांत आपोआप सुटली असती, ती मग हाताने सोडवावी लागते.

दिवा एक सांगतो, ऍप दुसरं

तुमच्या बोटापासून गिझरपर्यंत हुकूम पोचायला तीन टप्पे लागतात. मॉड्यूलला वीज हवी, मॉड्यूल घरातल्या राउटरशी जोडलेलं हवं, आणि राउटरमार्फत ते कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचलेलं हवं. ऍप तुमच्या बोर्डाकडे बघत नसतं, ते सर्व्हरला विचारतं. मॉड्यूल ठरावीक वेळाने सर्व्हरला ‘मी आहे’ असा छोटा निरोप पाठवत असतं. ठरलेल्या वेळेच्या दीडपट वेळ गेला तरी निरोप आला नाही, की सर्व्हर त्याला ऑफलाइन ठरवतो. हा निरोप मिनिटाला एकदा जात असेल, तर मॉड्यूल तुटल्यावरही ऍप दीड मिनिटापर्यंत सगळं ठीक असल्याचं दाखवू शकतं.

दिवा मात्र मॉड्यूलच्या स्वतःच्या हातात आहे. वीज आहे तोवर तो लागणार, आणि साखळी कुठे तुटली ते आपल्या लुकलुकण्यातून सांगणार. म्हणून ऍप ऑफलाइन आणि दिवा जिवंत, यात विसंगती काहीच नाही. मॉड्यूल जळलेलं नाही, तुटली आहे ती पुढची कडी. कोणती, ते दिव्याकडे अर्धा मिनिट नीट बघितलं की कळतं.

आमच्या मॉड्यूलचा दिवा कसा वाचायचा

दिवा स्थिर असेल तर मॉड्यूल सर्व्हरपर्यंत पोचलेलं आहे. तरीही ऍप ऑफलाइन म्हणत असेल, तर आधी फोनचंच इंटरनेट बघा. ऍप बंद करून पुन्हा उघडा, पडदा खाली ओढून यादी ताजी करा.

दिवा एकदा चमकून साधारण दोन सेकंद थांबत असेल आणि पुन्हा एकदाच चमकत असेल, तर मॉड्यूलला वायफायचं नाव-पासवर्ड आठवतोय, पण राउटर सापडत नाहीये किंवा राउटर त्याला आत घेत नाहीये. वीज जाऊन आल्यावर हे हमखास दिसतं आणि ते योग्यच आहे. मॉड्यूल काही सेकंदांत उठतं, पण फायबरचा डबा आणि राउटर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढा वेळ मॉड्यूल राउटरला हाका मारत राहतं. वीज आल्यापासून पाच मिनिटं काहीही करू नका.

दिवा भरभर दोनदा चमकून थांबत असेल, तर राउटर सापडलाय, पण पुढे इंटरनेट नाही. इथे मॉड्यूलला हात लावण्यात अर्थच नाही. फायबरच्या डब्यावर LOS नावाचा दिवा लाल लागला असेल, तर बहुतेक बाहेर केबल तुटली आहे. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात ठिकठिकाणी रस्त्यांची खोदाई चालू असताना हे कधीही होऊ शकतं. फोन करायचा तो इंटरनेटवाल्याला. लाइन आली की मॉड्यूल स्वतःहून जोडलं जातं.

दिवा न थांबता भरभर, सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकत असेल, तर ते जोडणीच्या अवस्थेत आहे आणि नव्या वायफायची वाट बघतंय. कुणीतरी बटण दाबून धरलं असेल तर असं होतं. स्मार्ट बल्बमध्ये मात्र हे कुणाचाही हात न लागता होऊ शकतं. काही बल्ब लागोपाठ तीन-चार वेळा बंद-चालू केले की जोडणीच्या अवस्थेत जातात, ती त्यांची सोयच असते. वीज पटापट येऊन-जाऊन करते तेव्हा बल्बला वाटतं, घरातल्या माणसानेच मुद्दाम तसं केलं. तेव्हा बल्ब खराब झाला असं समजू नका.

जोडणीची अवस्था सुमारे तीन मिनिटांत आपोआप संपते. त्यानंतर दिवा कसा लुकलुकतो ते पुन्हा बघा. पुन्हा जोडावंच लागलं, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ऍपच्या यादीतून जुनं उपकरण काढू नका. त्याच खात्यावर ‘नवीन उपकरण’ म्हणून जोडलं, की सहसा त्याचं नाव आणि लावलेले टायमर परत मिळतात. आधी काढून टाकलंत, तर सगळं नव्याने भरावं लागतं.

दिवा अजिबात लागत नसेल तर वीज, एमसीबी, वायरिंग या क्रमाने बघायचं. पण त्याआधी आठवून बघा, रात्री डोळ्यांवर येतो म्हणून ऍपच्या सेटिंगमधून तुम्हीच दिवा बंद ठेवलेला नाही ना.

दुसऱ्या कंपनीची उपकरणं घरात असतील तर हे अर्थ त्यांना लावू नका. काहींमध्ये संथ लुकलुकणं हीसुद्धा जोडणीचीच दुसरी पद्धत असते. त्यांच्या खोक्यातला कागद जपून ठेवा.

इंदिरानगरमधलं एक घर

गेल्या थंडीत इंदिरानगरमधल्या एका ताईंचा फोन आला. घरातली पाचही मॉड्यूल एकदम ऑफलाइन, प्रत्येकाचा दिवा एकदा चमकून थांबतोय, आणि फोनवर मात्र इंटरनेट झकास चालतंय. आदल्या दिवशी इंटरनेटवाल्याचा माणूस नवा राउटर बसवून गेला होता. ताईंनी त्याला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायला सांगितलं होतं. हे त्यांनी फार बरोबर केलं होतं. नाव-पासवर्ड जसेच्या तसे असले तर मॉड्यूलना राउटर बदलल्याचं कळतही नाही, ती आपली आपण जोडली जातात.

मग अडलं कुठे? जुन्या राउटरचा फोटो त्यांच्याकडे होता. त्यावर वायफायचं नाव `GHAR` होतं, नव्यावर `Ghar`. आपल्याला दोन्ही सारखंच वाटतं, पण मॉड्यूलच्या लेखी ही दोन वेगळी वायफाय आहेत. नावातलं आणि पासवर्डमधलं प्रत्येक अक्षर, लहान-मोठं, मधली मोकळी जागा, सगळं जुळावं लागतं. शिवाय नव्या राउटरवर सुरक्षेसाठी फक्त `WPA3` निवडलेलं होतं. फोनला ते चालतं, पण आम्ही बसवलेल्या मॉड्यूलना `WPA2` लागतं. राउटरचं पान उघडून नाव दुरुस्त केलं, सुरक्षा `WPA2/WPA3` अशी मिश्र ठेवली, आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे याची खात्री केली. ही मॉड्यूल फक्त २.४ वर चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला असतो, म्हणून फोनवर नेट चालतं यावरून मॉड्यूलबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

राउटर पुन्हा सुरू झाल्यावर चार मॉड्यूलचे दिवे स्थिर झाले. गिझरचं मात्र एकदाच चमकत राहिलं. गिझरच्या बोर्डाजवळ फोन नेऊन २.४ च्या वायफायचं बळ मोजलं, तर ते उणे ८४ डीबीएम भरलं. उणे ६० च्या आसपास उत्तम, उणे ७५ च्या खाली गेलं की मॉड्यूल तुटायला लागतं. जुना राउटर पॅसेजमध्ये होता, नवा दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे शोकेसमध्ये गेला होता, आणि मध्ये दोन भिंती. राउटर परत पॅसेजमध्ये आणला. आकडा उणे ६६ झाला आणि दोन मिनिटांत गिझरचा दिवा स्थिर झाला. पाचांपैकी एकाही मॉड्यूलचं बटण दाबावं लागलं नाही, आणि सकाळी सहाचा गिझरचा टायमर होता तसाच राहिला.

ऑफलाइन असताना ऍपमधल्या ‘चालू-बंद’वर विश्वास ठेवू नका

हे आम्ही बसवून देताना सांगतो, तरी इथे पुन्हा लिहितोय, कारण गिझर आणि पंपाच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. उपकरण ऑफलाइन झालं की ऍपमध्ये दिसणारं चित्र हे सर्व्हरला शेवटचं माहीत असलेलं चित्र असतं. ऍपमध्ये गिझर बंद दिसतोय आणि घरात कुणी भिंतीवरचं बटण दाबून तो चालू केलाय, असं होऊ शकतं. आपण गावाला आहोत आणि गिझर ऑफलाइन दिसतोय, तर शेजाऱ्यांना सांगून गिझरची एमसीबी खाली करून घ्या. गिझरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो हे खरं, पण रिकाम्या घरात त्याच्या भरवशावर दिवस काढू नयेत.

टायमरचंही असंच. आमच्या मॉड्यूलमध्ये टायमर मॉड्यूलमध्येच साठवलेला असतो, त्यामुळे नुसतं इंटरनेट गेलं तर तो चालतो. पण मॉड्यूलमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट आलंच नाही, तर त्याला किती वाजले हे कळत नाही आणि टायमर लागत नाही. टाकीचा पंप टायमरवर ठेवणाऱ्यांनी वीज जाऊन आल्यावर पंपाच्या मॉड्यूलचा दिवा एकदा बघावा. दोनदा चमकत असेल तर त्या दिवशी पंप हातानेच लावा आणि हातानेच बंद करा. भिंतीवरचं बटण कोणत्याही अवस्थेत चालतं, त्याला ना वायफाय लागतं ना ऍप.

राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत, असं आमचं मत आहे. एकच घेऊन उपयोग नाही, दुसरा बंद पडला की साखळी तुटतेच. हे काम तुमचा नेहमीचा वायरमनही करून देईल.

एवढं करूनही दिवा स्थिर होत नसेल, तर आम्हाला कळवा. व्हॉट्सऍपवर तीन गोष्टी पाठवा: मॉड्यूलच्या दिव्याचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, राउटर आणि फायबरच्या डब्याच्या दिव्यांचा फोटो, आणि घरातली बाकीची मॉड्यूल ऑनलाइन आहेत की तीही गेली आहेत एवढं एक वाक्य. सगळी गेली असतील तर आम्ही राउटरपासून सुरुवात करू. एकच गेलं असेल तर त्या बोर्डाजवळचं वायफायचं बळ आधी मोजू. पुष्कळदा फोनवरच काम होतं आणि तुम्हाला सुट्टी काढून घरी थांबावं लागत नाही.