टेस्ट रिपोर्ट वेगळा, सर्टिफिकेट वेगळं

विजेच्या वस्तूंची कॅटेगरी रिस्ट्रिक्टेड असली की मार्केटप्लेस लिस्टिंगआधी कागद मागतं. पुरवठादार लगेच एक शिक्का मारलेलं, नक्षीदार किनारीचं पान पाठवतो. विक्रेता ते अपलोड करतो आणि अर्ज परत येतो. मागितलेला असतो टेस्ट रिपोर्ट, दिलेलं असतं सर्टिफिकेट.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे लॅबने हातात आलेल्या नमुन्याची केलेली तपासणी. तो बरीच पानं असतो. सुरुवातीला रिपोर्ट नंबर, तारीख, अर्जदार, उत्पादक, मॉडेल, व्होल्टेज, वॅट आणि कोणत्या स्टँडर्डनुसार तपासलं ते. पुढे कलमवार निकाल: पास, फेल किंवा लागू नाही. शेवटी नमुन्याचे आतले-बाहेरचे फोटो. सर्टिफिकेट मात्र एक-दोन पानांचं. त्यात एखादी संस्था म्हणते की अमुक मॉडेल अमुक स्टँडर्डमध्ये बसतं. तपासणीचे आकडे त्यात सहसा नसतात. म्हणून ते रिपोर्टची जागा घेत नाही. दोन्ही मागितले असतील तर दोन्ही द्यायचे, आणि सर्टिफिकेटवर ज्या रिपोर्टचा नंबर आहे तोच रिपोर्ट जोडायचा.

खरी गोची मॉडेल नंबरात होते. समजा, तुम्हाला HD-200B हा १६०० वॅटचा हेअर ड्रायर विकायचा आहे. रिपोर्ट आयईसी ६०३३५-२-२३ नुसार आहे. केस आणि त्वचेच्या निगेच्या उपकरणांसाठीचा हाच भाग, तेव्हा स्टँडर्ड बरोबर. पण रिपोर्टवर मॉडेल HD-200, १२०० वॅट. कारखाना म्हणतो, ‘एकच आहे हो, फक्त नाव वेगळं.’ एकच नाही. वॅट वाढले म्हणजे हीटिंग एलिमेंट बदललं असणार, आणि तापमानवाढीची चाचणी तर त्यावरच अवलंबून. फरक नुसता रंगाचा असता, तरी HD-200B चं नाव रिपोर्टमधल्या मॉडेल-फरकाच्या रकान्यात हवं होतं. कारखान्याचं लेटरहेडवरचं पत्र इथे कमजोर पडतं. त्याच लॅबकडून नव्या मॉडेलची भर घातलेला सुधारित रिपोर्ट मागायचा. गरज पडली तर त्या चाचण्या पुन्हा होतील, खर्च आणि वेळ धरून ठेवा. पीडीएफमध्ये नंबर ‘दुरुस्त’ करून द्यायची सूचना आली, तर तो पुरवठादारच बदला.

चार्जरवर चालणारी वस्तू असेल तर आणखी एक घोळ होतो: रिपोर्ट येतो तो ॲडॅप्टरचा. पहिल्या पानावर उत्पादनाचं नाव आणि शेवटचे फोटो पाहिले की लगेच कळतं.

लॅबला आयएसओ/आयईसी १७०२५, म्हणजे चाचणी लॅबसाठीच्या स्टँडर्डची, मान्यता आहे का, एवढंच पाहून थांबू नका. ती मान्यता रिपोर्टमधल्या स्टँडर्डच्या चाचण्यांसाठी आहे का, हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहावं. सर्टिफिकेटचा नंबरही देणाऱ्या संस्थेच्या साइटवर स्वतः शोधावा. कागदावरचा क्यूआर कोड कुठेही नेऊ शकतो.