'तुमचा चार म्हणजे आमचा तीन': कॅलिब्रेशन बैठकांची पार्श्वभूमी

मार्च-एप्रिल आला की आयटी कंपन्यांत मॅनेजर मंडळी 'कॅलिब्रेशनमध्ये आहेत' असा निरोप येतो. बंद दाराआड सगळ्या टीमची रेटिंग समोरासमोर ठेवून ती जुळवायची, असं हे काम. पद्धत नव्या एचआरची वाटते, पण तिच्या मागचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो सैन्यात पडला होता.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि हजारो अधिकारी घाईने निवडायची वेळ आली. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी त्यासाठी एक साधी युक्ती काढली. शारीरिक गुण, बुद्धी, नेतृत्व आणि व्यक्तिगत गुण यांना प्रत्येकी १५ गुण, तर सैन्याला होणाऱ्या एकूण उपयोगाला ४०. नेतृत्वाला ९ द्यायचे की १२, हे ठरवायला व्याख्या नव्हती, माणसं होती. प्रत्येक वरिष्ठाने स्वतःच्या ओळखीतले पाच अधिकारी उत्तम ते निकृष्ट अशा क्रमाने लिहायचे आणि नवा माणूस त्यांतल्या कोणाच्या जवळ बसतो ते पाहायचं.

अडचण उघड आहे. ज्याने आयुष्यात उत्तमच अधिकारी पाहिले, त्याचा 'मधला' माणूस दुसऱ्याच्या 'उत्तम'च्या वर जाईल. फुटपट्टी प्रत्येकाच्या हातात होती, पण तिच्यावरचे इंच वेगवेगळे. युद्धानंतर शिक्षणतज्ज्ञ हॅरल्ड रग यांनी या गुणांची छाननी करून म्हटलं, की भरवसा ठेवायचा तर तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण देऊन सरासरी काढावी आणि त्यांच्या मोजपट्ट्या जाणकाराच्या देखरेखीखाली, एकत्र बसून बनवलेल्या असाव्यात. आजच्या कॅलिब्रेशनचं बीज मला या 'एकत्र बसून' शब्दांत दिसतं.

हे नीट कळायला एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मॅनेजरच्या आठ जणांची सरासरी पाचपैकी ४.४ आहे, दुसरीच्या आठ जणांची ३.१. पहिल्याचे सगळे आकडे खाली ओढून सरासरी सारखी करणं सर्वांत सोपं. पण त्याची टीम खरंच सरस असेल तर? सरासरीवरून ते कळत नाही. म्हणून त्याच्याकडचा एक 'चार' आणि तिच्याकडचा एक 'तीन', दोघे एकाच पदावरचे, शेजारी ठेवायचे. त्याच्या माणसाने ठरलेली रिलीज वेळेवर दिली. तिच्या माणसाने तीही दिली आणि शिवाय दुसऱ्या टीमचं अडलेलं काम सोडवलं. आता तिला 'तीन'चं कारण सांगावं लागतं. ती म्हणते, "एवढं तर करायलाच हवं ना." सापडला फरक! तिचा 'अपेक्षेप्रमाणे' त्याच्या 'अपेक्षेपेक्षा जास्त'इतका उंच आहे. एवढं उघड झालं की बाकीच्यांचीही रेटिंग पुन्हा तपासता येतात.

आपल्या सरकारी खात्यांत असा मेळ घालण्याऐवजी उतरंड असते. गोपनीय अहवाल प्रतिवेदन अधिकारी लिहितो, पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो. शेरे फुगत गेले की काय होतं, हे देव दत्त या सरकारी अभियंत्याच्या खटल्यात दिसलं. त्यांना 'चांगला' शेरा होता, पण बढतीसाठी 'खूप चांगला' लागत होता. चांगला शेराच आड आला, आणि तो त्यांना कळवलेलाही नव्हता. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

खासगी क्षेत्रात मात्र मोजपट्टी जुळवण्याच्या कामावर कोटा येऊन बसला. १९८१ ते २००१ जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख असलेल्या जॅक वेल्च यांनी माणसांची वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी रूढ केली. मोठ्या समूहात ती कदाचित खपेलही. आठ जणांच्या टीममध्ये दहा टक्के म्हणजे एक माणूससुद्धा पुरता भरत नाही, तरी कोणीतरी शोधावाच लागतो. फोर्डने २००० मध्ये व्यवस्थापकांना अशाच श्रेणी लावल्या. वयावरून भेदभाव होतो असे दावे दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने माघार घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सक्तीची वाटणी बंद केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत इन्फोसिसनेही अशीच वाटणी करणारा बेल कर्व्ह, म्हणजे घंटेच्या आकाराची वक्ररेषा, सोडला.

वक्ररेषा गेली तरी बैठक उरली, कारण पगारवाढीची रक्कम ठरलेलीच असते. त्यामुळे कोटा कागदावर नसला तरी खोलीत हजर असू शकतो. तो ओळखायचा कसा? 'या माणसाने नेमकं काय केलं?' असं विचारलं जातंय, तोवर मोजपट्टी जुळवणं चालू आहे. 'अजून किती पाच शिल्लक आहेत?' हा प्रश्न आला की वाटप सुरू झालं. वाटपात शेवटी चर्चेला येणाऱ्या टीमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि मोठ्या आवाजाच्या मॅनेजरची माणसं तरतात. बैठकीनंतर बदललेल्या रेटिंगपुढे कारण म्हणून कामाचा एखादा दाखला लिहिला आहे का, की नुसतंच 'कॅलिब्रेशननुसार', एवढं पाहिलं तरी तिथे काय झालं याचा अंदाज येतो.