हॅमिल्टन मार्ग : खोल्यांच्या नकाशातील

घराच्या किंवा इमारतीच्या नकाशातील प्रत्येक खोलीत एकदाच जाऊन, कोणतीही खोली न वगळता आणि एकाही खोलीत दुसऱ्यांदा पाऊल न टाकता पूर्ण होणारी फेरी. आलेख सिद्धांतात खोली म्हणजे बिंदू, दोन खोल्यांमधले दार म्हणजे त्या बिंदूंना जोडणारी रेघ, आणि अशा फेरीला हॅमिल्टन मार्ग म्हणतात. आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८५७ मध्ये द्वादशफलकाच्या २० कोपऱ्यांवरून असाच फेरा मारण्याचा एक खेळ तयार केला, त्यावरून हे नाव रूढ झाले. टॉमस कर्कमन यांनी हाच प्रश्न त्याच्या थोडा आधी हाताळला होता. नाव मात्र हॅमिल्टनचे राहिले.

ऑयलरच्या १७३६ मधील सात पुलांच्या कोड्याशी याची गल्लत नेहमी होते. तिथे प्रत्येक पूल एकदाच ओलांडायचा होता. आपल्या भाषेत, प्रत्येक दार एकदाच वापरायचे. इथे दारांची सक्ती नाही, कित्येक दारे न वापरता राहिली तरी चालते. हिशेब खोल्यांचा आहे. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. ऑयलरच्या प्रश्नाचे उत्तर दारे मोजून लगेच देता येते. खोल्यांच्या प्रश्नाला तसा कोणताही सोपा मोजनियम सापडलेला नाही.

पूर्ण नियम नसला तरी सुरुवातीला पकडायला एक भक्कम धागा मिळतो : एकदारी खोली. जिला एकच दार आहे, तिच्यात शिरल्यावर बाहेर पडायचे तर आधीच्याच खोलीत परतावे लागेल, आणि परतणे निषिद्ध आहे. म्हणून एकदारी खोली फेरीची सुरुवात तरी असते किंवा शेवट तरी. फेरीला टोके दोनच. त्यामुळे नकाशात तीन एकदारी खोल्या दिसल्या की पेन्सिल खाली ठेवावी, मार्ग नाही. एकाच बोळात उघडणाऱ्या तीन शयनगृहांचा नकाशा याच कारणाने बाद होतो. नेहमीच्या राहत्या घरांचे नकाशे या कोड्याला बहुधा निकामी ठरतात, ते यामुळेच.

दुसरा नियम यातूनच निघतो. जी खोली टोक नाही आणि जिला दोनच दारे आहेत, तिची दोन्ही दारे वापरावीच लागतात. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. आणि ज्या खोलीची दोन दारे ठरली, तिची उरलेली दारे बंद समजायची. ही बंद दारे शेजारच्या खोल्यांची दारे कमी करतात, त्यातून नवी सक्ती जन्मते.

बारा खोल्यांचा हा नकाशा पाहू. रेघ असेल तिथे दार आहे, नसेल तिथे भिंत.

```
१    २ — ३    ४
|    |    |    |
५ — ६ — ७    ८
|    |    |    |
९ — १० — ११ — १२
```

१ आणि ४ या एकदारी आहेत. दोन्ही टोके ठरली. आता बाकी कुठलीही खोली टोक असू शकत नाही. १ मधून ५ मध्ये जावेच लागते. ४ कडून उलटे मोजले तर ८, मग १२, मग ११ अशी साखळी सक्तीने जुळते, कारण ८ आणि १२ दुदारी आहेत. ९ देखील दुदारी आहे, म्हणून ५–९–१० ठरले. ५ ची दोन दारे (१ कडचे आणि ९ कडचे) भरली, तेव्हा ५ आणि ६ मधले दार बंद. २ आणि ३ कडे पाहा. २ ला ३ आणि ६ ही दोनच दारे, ३ ला २ आणि ७ ही दोनच. म्हणजे ६–२–३–७ हा तुकडाही पक्का.

आता फक्त मधली जोडणी उरली. एक तुकडा १ पासून १० पर्यंत आला आहे, दुसरा ११ पासून ४ पर्यंत जातो, आणि मध्ये ६ ते ७ असा तिसरा आहे. १० मधून ११ कडे गेलो तर पहिले दोन तुकडे जुळून फेरी संपते आणि ६, २, ३, ७ या चार खोल्या बाहेर राहतात. त्यांना आपसात ६–७ या दाराने जोडले तर त्यांचे एक स्वतंत्र वर्तुळ बनते, फेरीशी संबंध नसलेले. म्हणून १० मधून ६ मध्येच जायचे आणि ७ मधून ११ मध्ये यायचे. पूर्ण मार्ग : १–५–९–१०–६–२–३–७–११–१२–८–४. दुसरा नाही.

सोडवताना बहुतेक जण १ वर पेन्सिल ठेवून रेघ ओढू लागतात आणि ५ वरून ६ कडे वळतात, कारण तो भाग मोकळा दिसतो. चूक लगेच ओळखता येते : ५–६ वापरले की ९ ला १० कडचे एकच दार उरते. तिसरी एकदारी खोली तयार झाली, वाट चुकली. प्रत्येक पावलानंतर शेजारच्या खोल्यांची उरलेली दारे मोजणे ही सवय रेघ ओढण्यापेक्षा जास्त कामाची आहे.

कोडे रचणाऱ्याला एकदारी खोलीची किंमत उलट बाजूने कळते. वरच्या नकाशात ३ आणि ४ मध्ये एकच दार उघडा. ४ आता दुदारी झाली, दुसरे टोक मोकळे सुटले आणि एका मार्गाचे सहा मार्ग झाले. त्यातला एक ७ मध्ये संपतो : १–५–९–१०–११–१२–८–४–३–२–६–७. म्हणून उत्तर एकच हवे असेल तर रचनाकार दोन्ही टोकांना एकदारी खोल्या ठेवतो. एकच ठेवली तर 'दुदारी खोलीची दोन्ही दारे लागतात' हा नियम डोळे मिटून वापरता येत नाही, कारण ती दुदारी खोलीच शेवट असू शकते. इथेच अनुभवी माणूसही फसतो.

एकदारी खोल्या कुठेही ठेवून चालत नाही. चौकटीच्या नकाशाला बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंग दिला तर प्रत्येक पावलाला रंग बदलतो. बारा खोल्यांत दोन्ही रंग सहा-सहा, म्हणून टोके विरुद्ध रंगांची हवीत; १ आणि ४ तशी आहेत. तीन बाय तीनच्या नकाशात एका रंगाच्या पाच खोल्या आणि दुसऱ्याच्या चार. तिथे दोन्ही टोके पाचवाल्या रंगाचीच, म्हणजे कोपरे किंवा मधली खोली. बाजूच्या मधोमध असलेल्या खोलीला एकदारी केले की दारांची मांडणी काहीही असो, कोडे मेले.

या सगळ्या चाचण्या मार्ग नाही हे दाखवू शकतात. त्या पार झाल्या म्हणजे मार्ग आहेच, असे नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये हॅमिल्टन फेऱ्याचा प्रश्न अत्यंत अवघड प्रश्नांच्या एका वर्गात बसवला, ज्यांसाठी नेहमी चालणारी झटपट पद्धत आजही माहीत नाही. चौकटीच्या जाळीतून मनाला येईल तशा खोल्या वगळून केलेल्या नकाशांनाही हे लागू आहे. वरच्या नकाशात मात्र सक्ती इतकी दाट आहे की अंदाज करायची वेळ येतच नाही. जिथे सगळ्या खोल्यांना तीन-चार दारे असतात, तिथे एक दार गृहीत धरून पुढे जायचे, तिसरी एकदारी खोली किंवा अवेळी मिटलेले वर्तुळ दिसले की मागे यायचे, आणि ते दार कायमचे खोडायचे.