यंत्राचा शेरा आणि ८८ टक्क्यांचा चकवा

भाषिक मॉडेलने दिलेली हजारो उत्तरं तपासायला माणसं पुरत नाहीत, म्हणून ते काम दुसऱ्या मॉडेलकडे सोपवलं जातं. मग या परीक्षक यंत्राचीच परीक्षा घ्यावी लागते. तीच उत्तरं जाणकारांकडून तपासून घ्यायची आणि दोघांचे शेरे किती जुळतात ते मोजायचं. मोजायला बसलं की पहिला आकडा बहुधा फसवतो.

समजा, १०० उत्तरं आहेत. जाणकाराच्या मते त्यातली ९० बरोबर, १० चूक. यंत्राने ९४ बरोबर ठरवली, ६ चूक. ८६ उत्तरांना दोघांनीही ‘बरोबर’ म्हटलं आणि दोनांना दोघांनीही ‘चूक’. म्हणजे ८८ टक्के एकमत, ऐकायला झकास! पण उत्तर न वाचताच सगळ्यांवर ‘बरोबर’ असा शिक्का मारणाऱ्याचंही जाणकाराशी ९० टक्के जुळलं असतं. आणि चुका पकडण्यासाठी नेमलेल्या यंत्राने दहापैकी आठ चुका सोडून दिल्या आहेत.

हा चकवा ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये ‘कॅपा’ हे माप मांडलं. दोघांनी आपापल्या प्रमाणात, पण डोळे मिटून शेरे मारले असते तरी काही जुळलेच असते; तो वाटा आधी वजा करायचा. इथे तो ०.९० × ०.९४ अधिक ०.१० × ०.०६, म्हणजे ०.८५२ येतो. १ मधून तो वजा करून उरलेल्या ०.१४८ पैकी यंत्राने खरोखर कमावले ०.८८ वजा ०.८५२, म्हणजे फक्त ०.०२८. भागाकार सुमारे ०.१९. पूर्ण एकमताला हा आकडा १ असतो आणि निव्वळ योगायोगाला ०.

मग किती आला की पुरे? ठरावीक पट्ट्या छापलेल्या सापडतात, पण मला त्यांच्यापेक्षा दोन माणसांमधला कॅपा जास्त उपयोगी वाटतो. दोन जाणकारांनी एकमेकांचे आणि यंत्राचे शेरे न पाहता तीच उत्तरं तपासायची. त्यांचंच आपसात ०.५ च्या आसपास जुळत असेल, तर यंत्राकडून ०.८ मागण्यात अर्थ नाही. तिथे दुरुस्ती हवी ती निकषांची: अर्धवट उत्तर बरोबर धरायचं की चूक, हेच बहुधा ठरलेलं नसतं.

यानंतरचं काम कंटाळवाणं, पण सगळ्यात फळ देणारं: न जुळलेली बाराही उत्तरं एकेक करून वाचायची. सुटलेल्या आठ चुका लांबलचक, ठाम सुरातल्या उत्तरांतच निघाल्या, तर यंत्र लांबीला भुलत असण्याचा संशय घ्यावा. अशा परीक्षकांत हा कल वारंवार दिसतो. खात्रीसाठी तीच उत्तरं आशय न बदलता आखडून पुन्हा तपासायला द्यायची; शेरा बदलला, तर दोष पकडला गेला.

मात्र त्यावरून यंत्राला दिलेल्या सूचना सुधारल्या, की ही १०० उत्तरं परीक्षेतून बाद. नवा कॅपा नव्या उत्तरांवरच काढायचा, आणि त्यांत चुकीची उत्तरं दहापेक्षा बरीच जास्त हवीत. नाहीतर एखाददुसऱ्या उत्तरानेही आकडा वरखाली होतो.